चार पोलांचं आर्मेचर: लॅप की वेव्ह?

आर्मेचर लॅप आहे की वेव्ह, हे एका कॉइलची दोन टोकं पाहून कळतं. दोन्ही टोकं कॉम्युटेटरच्या शेजारशेजारच्या सेगमेंटवर आली, तर लॅप. चार पोलांच्या मशीनमध्ये ती जवळपास समोरासमोर गेली, तर वेव्ह. दोन पोलांच्या मशीनमध्ये मात्र दोन्हींत समांतर मार्ग दोनच, त्यामुळे मिक्सरच्या आर्मेचरवर हा वाद घालण्यात अर्थ नाही.

साध्या लॅपमध्ये जितके पोल तितके समांतर मार्ग. साध्या वेव्हमध्ये पोल कितीही असोत, मार्ग दोनच. समजा कंडक्टर २४८, दर पोलचा फ्लक्स ०.०२ वेबर आणि वेग १५०० आरपीएम. E = PφNZ/60A या सूत्रात A म्हणजे मार्गांची संख्या. वेव्हमध्ये २४८ व्होल्ट मिळतात, लॅपमध्ये १२४. प्रत्येक मार्गाला २५ अँपिअर झेपत असतील, तर वेव्ह ५० अँपिअर देईल आणि लॅप १००. पॉवर दोन्हीकडे १२.४ किलोवॉट! तांबं तेवढंच, फक्त जोडणी वेगळी.

ब्रशचा घोळ इथूनच सुरू होतो. लॅपला चार पोलांना चार ब्रश लागतातच. त्यातला एक पॉझिटिव्ह ब्रश होल्डरमध्ये अडकून उचललेला राहिला, तर त्याला मिळणारे दोन मार्ग एकमेकांच्या विरुद्ध पडतात आणि त्यांतून लोडचा करंट जात नाही. शंभर अँपिअर उरलेल्या दोन मार्गांतून जातात, प्रत्येकी ५०. आर्मेचरमधला कॉपर लॉस दुप्पट होतो. मशीन फिरत राहतं, म्हणून हा दोष लवकर लक्षात येत नाही. आर्मेचर तापल्याचा वास येतो तेव्हा कळतो.

वेव्हमध्ये तोच ब्रश उचलला, तरी मार्ग दोनच राहतात आणि वाइंडिंगला फरक पडत नाही. भार पडतो तो त्याच पोलॅरिटीच्या दुसऱ्या ब्रशवर: २५ ऐवजी ५० अँपिअर. म्हणून वेव्हला दोन ब्रश पुरतात खरे, पण मग ते रुंद हवेत किंवा कॉम्युटेटर लांब हवा. चार ब्रशच्या मशीनमधले दोन काढून ‘वेव्हच आहे, चालतं’ म्हणणं म्हणजे ब्रश जाळणं.

लॅपची दुसरी दुखरी बाजू म्हणजे बेअरिंगची झीज. आर्मेचर खाली बसलं की खालच्या पोलजवळची हवेची फट कमी होते आणि मार्गांचे व्होल्टेज सारखे राहत नाहीत. दोन मार्गांत २ व्होल्टचा फरक आणि त्यांचा एकत्र रेझिस्टन्स ०.२ ओहम असेल, तर लोड नसतानाही १० अँपिअर ब्रशांमधून घुमतात आणि ठिणग्या उडतात. मोठ्या लॅप आर्मेचरमध्ये इक्वलायझर जोडतात, ते हा करंट ब्रशांकडे न जाता आतच फिरावा म्हणून. वेव्हचा प्रत्येक मार्ग सगळ्याच पोलांखालून जातो, त्यामुळे तिथे इक्वलायझर लागत नाही.

रिवाइंडिंग करताना वेव्हची अट सेगमेंटच्या संख्येत असते. चार पोलांना ३१ सेगमेंट चालतात: पिच १५ घेतली, की १ वरून १६, तिथून ३१, म्हणजे पहिल्याच्या शेजारी. ३२ सेगमेंट असतील तर पिच साडेपंधरा येते, आणि असं आर्मेचर साध्या वेव्हमध्ये बांधता येत नाही. स्लॉट ३२ आणि सेगमेंट ३१ असतील, तर एक डमी कॉइल भरतात. ती फक्त तोल राखायला असते, तिची टोकं कॉम्युटेटरला जोडायची नाहीत. टेप लावून बंद करायची.