३४ अंशांचा उकाडा

नागपूरचा माझा मावसभाऊ दर मे महिन्यात फोनवर एकच टोमणा मारतो. "आमच्याकडे ४२, तुमच्याकडे ३४. आणि हाशहुश तुमचंच जास्त!" रत्नागिरीत बसून हा टोमणा ऐकताना माझं लक्ष दांडीवरच्या पंचाकडे असतं. सकाळी नऊला वाळत घातलेला तो पंचा दुपारी एकलाही काठाला ओलाच असतो. नागपुरात तोच पंचा अर्ध्या तासात पापडासारखा कडक होतो. भावाला द्यायचं उत्तर त्या पंचात आहे आणि कोकणातल्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा कसा करावा, याचंही उत्तर बहुतेक तिथेच आहे.

आपलं शरीर थंड राहतं ते घाम आल्यामुळे नव्हे, घाम वाळल्यामुळे. हवेत आधीच बाष्प भरलेलं असलं की घाम नुसता ओघळतो, उष्णता घेऊन जात नाही. हे मोजायची जुनी युक्ती सोपी आहे. तापमापीच्या टोकाला ओली कापडी वात गुंडाळायची आणि तिच्यावर वारा सोडायचा. पाणी वाळेल तेवढा पारा उतरतो. जिथे तो थांबतो, ते ओल्या बल्बचं तापमान. नागपुरात ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना हा पारा सुमारे २४ वर थांबतो. रत्नागिरीत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असताना तो साडेअठ्ठावीसच्या खाली जात नाही. शरीराच्या लेखी त्या दुपारी रत्नागिरी नागपूरच्या पुढे असते. ओल्या बल्बचा ३५ हा आकडा बरीच वर्षं माणसाची शेवटची मर्यादा मानला जात होता, पण अमेरिकेतल्या प्रयोगांत तरुण, धडधाकट माणसांचं शरीरही दमट हवेत ३१ च्या आसपासच हार मानू लागलं, आणि तेही अगदी हलकी हालचाल करताना. साडेअठ्ठावीस आणि ३१ यांत फार अंतर नाही.

आता इशाऱ्याकडे. भारतीय हवामान विभागाच्या निकषाप्रमाणे किनारी ठिकाणी उष्णतेची लाट म्हणायला कमाल तापमान किमान ३७ अंश हवं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त हवं. मार्चमध्ये कोकणाला हा निकष चपखल बसतो. तेव्हा मतलई वारा जमिनीवरून सुटतो, खारा वारा उशिरा येतो आणि पारा ३८-३९ पर्यंत उडी मारतो. ती कोरडी काहिली असते. पण मेमध्ये खारा वारा वेळेवर येतो, पारा ३४-३५ वर दाबून ठेवतो आणि सोबत समुद्राचं बाष्प आणतो. मेच्या त्या घामट आठवड्यात लाट जाहीर होण्याचा प्रश्नच येत नाही. हवामान विभाग 'उष्ण व दमट हवामान' असा वेगळा इशारा देतो, पण आराखड्यातली पावलं 'लाट' या शब्दाला बांधलेली असतील तर त्या इशाऱ्यावर हालचाल कुणी करायची?

१६ एप्रिल २०२३ चं खारघर आठवा. उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ माणसं गेली. त्या दिवशी परिसरातलं कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. विदर्भात त्या आकड्याकडे कुणी मान वळवून पाहत नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे स्वतःचा उंबरठा ठरवणं. अहमदाबादने २०१३ मध्ये देशातला पहिला असा आराखडा केला, तेव्हा त्यांच्या हाती मृत्यूंच्या नोंदी होत्या. मे २०१० च्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले होते. एरवी त्या शहरात मे महिन्यात दिवसाला शंभरेक मृत्यू होतात, त्यामुळे कोणत्या तापमानाला आकडा वर सरकतो ते आलेखावर दिसतं. रत्नागिरी शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ७६ हजार होती. इथे दिवसाला एक-दोन मृत्यू. एखाद्या दिवशी चार झाले तर तो उकाडा की योगायोग, हे कोणतंही गणित सांगू शकणार नाही. छोट्या शहराने अहमदाबादची पद्धत उचलली की नेमकी इथे गाडी अडते. त्यापेक्षा मागच्या दहा वर्षांच्या मार्च ते जूनच्या नोंदी काढाव्यात, रोजचं ओल्या बल्बचं तापमान काढावं आणि मोसमातले सर्वांत वाईट दहा-बारा दिवस पकडतील असे आकडे निवडावेत. माझ्या मते सुरुवातीला २८ ला नारंगी आणि २९ ला लाल ठेवून पाहावं. २७ ला भोंगा वाजवला तर तो मेभर वाजत राहील आणि तिसऱ्या दिवसापासून कुणी ऐकणार नाही. पहिल्या मोसमानंतर १०८ च्या फेऱ्या आणि दवाखान्यातल्या नोंदी इशाऱ्याच्या दिवसांशी ताडून आकडे हलवायचे.

हा हिशेब करताना एक चूक हमखास होते. दैनिक नोंदींत आर्द्रता सकाळी साडेआठची आणि संध्याकाळी साडेपाचची असते, आणि कमाल तापमान दुपारचं. कारकून दोन्ही आकडे शेजारी ठेवतो: ३४ अंश, ८६ टक्के. त्यातून ओल्या बल्बचं तापमान ३२ येतं आणि कागदावर शहर संपतं! प्रत्यक्षात तापमान चढलं की आर्द्रतेचा टक्का उतरतो, कारण गरम हवेत जास्त बाष्प मावतं. दिवसभर त्या मानाने कमी हलतं ते दवबिंदू तापमान, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं ते. ते धरून हिशेब केला की साडेतीन अंशांची ही चूक टळते.

उंबरठा ठरला की कामाच्या वेळा. उदाहरणाला चिरेखाण घेऊ. जांभ्याच्या खाणीत सावली नसते, आणि तासलेली तांबडी भिंत तिन्ही बाजूंनी तापते. इथे ओल्या बल्बचा आकडाही अपुरा पडतो, उन्हाचा हिशेब लागतो. त्यासाठीचं माप म्हणजे डब्ल्यूबीजीटी. सात भाग ओल्या बल्बचे, दोन भाग उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमानाचे, एक भाग साध्या हवेच्या तापमानाचा. दुपारी एक वाजता खाणीत ओला बल्ब २९, काळा गोळा ४६, हवा ३४. हिशेब येतो ३३ च्या जवळ. सवय झालेल्या माणसाने जड काम करायची आंतरराष्ट्रीय मर्यादा २६ आहे. ३३ हा नुसता बसून राहण्याच्या मर्यादेचा आकडा आहे.

मग 'दुपारी १२ ते ४ काम बंद, भरपाई संध्याकाळी' हा सगळीकडे चिकटवला जाणारा नियम पाहा. विदर्भात तो ठीक आहे. कोकणात संध्याकाळी पाचला हवा ३१ अंश, आर्द्रता ७५ टक्के, आणि सावलीतसुद्धा डब्ल्यूबीजीटी साडेअठ्ठावीस. म्हणजे जड कामाला संध्याकाळही बाद. पहाटे सहाला मात्र तो २६ ला टेकलेला असतो. हवा चिकट लागते, अंग लगेच भिजतं, पण शरीराला झेपतं. साडेनऊनंतर ऊन चढलं की आकडा तिशीपार जातो. तेव्हा लाल दिवशी खाण पहाटे साडेपाचला सुरू करून साडेनऊला बंद करावी, आणि संध्याकाळी फार तर गाडी भरण्याआधीची हलकी आवराआवर ठेवावी.

हे कागदावर सोपं आहे. अडचण अशी की मजुरी चिऱ्यामागे मिळते. चार तास बंद म्हणजे तेवढे चिरे कमी. मुकादमाने कितीही शिट्ट्या मारल्या तरी माणूस काम टाकून सावलीत बसत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. लाल दिवसाचा किमान रोज ठरवल्याशिवाय वेळ बदलण्याला अर्थ नाही. दुसरी गोष्ट नव्या मजुराची. दमट उकाड्याची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. थंड गावाहून कालच आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी पाचव्या हिश्शाचंच काम द्यावं, मग रोज तेवढंच वाढवावं. उष्माघाताने कोसळणारे बरेचदा पहिल्या काही दिवसांतलेच असतात.

थंडावा केंद्रांची गंमत वेगळी आहे. सरकारी खरेदीत सगळ्यात आधी मोठा कूलर येतो. कूलर म्हणजे यांत्रिक ओला पंचाच. तो हवा ओल्या बल्बच्या जवळपास आणू शकतो, खाली नाही. नागपुरात तो ४२ ची हवा २८ वर आणतो. रत्नागिरीत ३४ ची ३० वर आणतो आणि सोबत खोलीची आर्द्रता नव्वदीच्या जवळ नेतो. तीस माणसांच्या बंद हॉलमध्ये घाम वाळणं फार मंदावतं. पंख्याचं उलट. ४५ अंशांच्या कोरड्या हवेत पंखा भट्टीचा झोत अंगावर आणतो, पण ३४ अंशांना हवा अजून त्वचेपेक्षा थंड असते, म्हणून आपल्याकडे पंखा खरा मित्र. त्यासोबत अंग पुसायला ओला पंचा दिला तर आणखी बरं. तेव्हा केंद्रात कूलर नकोच. उघड्या खिडक्या, जोरदार पंखे, पाणी, आणि आजाऱ्यांसाठी एक वातानुकूलित खोली. वीज जाईल हे गृहीत धरून इन्व्हर्टर. पत्र्याचं छप्पर असेल तर वरून चुन्याचा पांढरा हात.

पण ज्यांना केंद्राची खरी गरज, ते तिथे जात नाहीत. कोकणातल्या निम्म्या आळ्यांत म्हातारी माणसं एकटी आहेत, मुलं मुंबईत. आमच्या आळीतल्या एक आजी गेल्या मेमध्ये रात्री दार-खिडक्या लावून झोपायच्या, चोरांच्या भीतीने. वीज गेली की पंखा बंद. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू, आणि रात्री उठायला नको म्हणून संध्याकाळनंतर पाणी बंद. तिसऱ्या दिवशी त्या अंगणात चक्कर येऊन पडल्या. दुपारचा पारा ३४ च होता. रात्रीचा २८ च्या खाली उतरला नव्हता.

रात्रीचा इशाराही इथे फसतो. हवामान विभागाचा 'उष्ण रात्रीचा' निकष दिवसाचं कमाल तापमान ४० असेल तरच लागू होतो. मेमधल्या रत्नागिरीत तो जवळजवळ कधीच लागणार नाही. म्हणून आराखड्यात आपला नियम हवा: सलग दोन रात्री किमान तापमान २८ च्या वर, की आशा सेविकेने यादीतल्या घरी जायचं. यादी मार्चपूर्वीच करायची: एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले, हृदयाच्या, लघवीच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या घेणारे. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, मात्रा डॉक्टरांनी बघायची. घरी गेल्यावर "बरं आहे ना?" विचारून उपयोग नाही, आजी "बरं आहे" असंच म्हणणार. विचारायचं ते "काल रात्री झोप लागली का, सकाळपासून लघवीला किती वेळा गेलात, आज वार कोणता?" शेवटच्या प्रश्नाला अडखळल्या तर वाट बघायची नाही.

कारण उष्माघाताची खूण घाम थांबणं ही नाही. कष्टाचं काम करताना कोसळलेल्या माणसाचं अंग चिंब असू शकतं. खूण म्हणजे तापलेलं अंग आणि बिघडलेलं भान: बरळणं, तोल जाणं, ओळख न पटणं. अशा वेळी १०८ ला फोन करायचा आणि गाडी येण्याआधीच अंग थंड करायला लागायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, अंगावर घालायचं.

इथे कोकणाकडे एक गोष्ट आहे जी नागपूरकडे नाही. मिरकरवाड्यासारख्या प्रत्येक बंदरात मासळीसाठी बर्फ असतो, ताडपत्री असते आणि पाण्याचा पाइप असतो. ताडपत्रीवर माणसाला झोपवायचं, चौघांनी कडा उचलून खोळ करायची, पाणी आणि बर्फ ओतायचं, ढवळत राहायचं, एकाने डोकं पाण्याबाहेर धरून ठेवायचं. बर्फाच्या पाण्यात बुडवण्याइतका जलद उपाय दुसरा नाही. आराखड्याच्या दूरध्वनी यादीत रुग्णालयाच्या खाली बर्फ कारखान्याचा नंबर मी अजून कुठे पाहिलेला नाही.