करंट रेशो घसरला, डेट-टू-इक्विटी जागचा हलला नाही: ताळेबंदाचा स्क्रीनशॉट वाचताना

ताळेबंदाचा स्क्रीनशॉट आला की बहुतेक जण आधी कर्ज बघतात. डेट-टू-इक्विटी एकच्या खाली दिसला की 'कंपनी भक्कम आहे' असं म्हणून पुढे जातात. पण येत्या बारा महिन्यांत ही कंपनी देणी भागवू शकेल का, याचं उत्तर त्या आकड्यात नसतं. धंद्यात मालकांचा पैसा किती आणि कर्जाऊ किती, एवढंच तो सांगतो. वर्षभरात येणारा पैसा वर्षभरात जाणाऱ्या पैशाला पुरेल का, ते करंट रेशोवरून कळतं.

एक काल्पनिक कारखाना घेऊ. स्क्रीनशॉटमधले आकडे कोटी रुपयांत आहेत, पहिला स्तंभ चालू वर्षाचा आणि दुसरा मागच्या वर्षाचा.

```
                        चालू वर्ष   मागचे वर्ष
दीर्घकालीन मालमत्ता         ४१०        ३९१
माल                       १४२        १०८
ग्राहकांकडून येणं            ११८        १०१
रोख व बँक शिल्लक            १५         ३२
इतर चालू मालमत्ता            २५         २१
एकूण मालमत्ता              ७१०        ६५३

इक्विटी                   ३५०        ३२५
दीर्घ मुदतीचं कर्ज            ६०        १२०
इतर दीर्घकालीन देणी          २०         १८
अल्प मुदतीचं कर्ज           १३०         ५५
पुरवठादारांचं देणं           ११०         ९८
इतर चालू देणी               ४०         ३७
एकूण                      ७१०        ६५३
```

भागाकार करण्याआधी दोन गोष्टी तपासा. स्क्रीनशॉटमध्ये ओळीचं नाव आणि रक्कम यांच्यामध्ये `Note` नावाचा बारीक स्तंभ असतो. चित्र कापलेलं किंवा धूसर असेल तर त्यातला १८ किंवा २१ हा टीपेचा क्रमांक रक्कम म्हणून उचलला जातो. म्हणून आधी ओळींची बेरीज करून ती छापलेल्या बेरजेशी जुळते का ते पाहा, आणि ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंची एकूण रक्कम सारखी आहे ना तेही बघा. वरच्या नमुन्यात दोन्हीकडे ७१० आहेत. दुसरी गोष्ट, चित्र `Standalone` आहे की `Consolidated`? एकात फक्त मूळ कंपनी असते, दुसऱ्यात उपकंपन्यांसह सगळा समूह. अंश एकातून आणि छेद दुसऱ्यातून घेतला तर उत्तराला काही अर्थ उरत नाही. आकडे लाखांत की कोटींत ही चिंता मात्र गुणोत्तरापुरती सोडा. एकाच चित्रातले आकडे असतील तर एकक भागाकारात उडून जातं.

आता हिशोब. चालू मालमत्ता म्हणजे माल, येणं, रोख आणि इतर मिळून ३००. चालू देणी १३० + ११० + ४०, म्हणजे २८०.

```
करंट रेशो         = ३०० / २८०         = १.०७   (मागच्या वर्षी २६२ / १९० = १.३८)
डेट-टू-इक्विटी     = (६० + १३०) / ३५०  = ०.५४   (मागच्या वर्षी १७५ / ३२५ = ०.५४)
```

डेट-टू-इक्विटीत घोळ हमखास होतो तो 'डेट' म्हणजे काय यावर. कोणी फक्त दीर्घ मुदतीचं कर्ज धरतं, मग उत्तर ०.१७ येतं. कोणी सगळीच देणी धरतं, मग तेच १.०३ होतं. एकाच कंपनीचे तीन आकडे, आणि तिन्ही कुठे ना कुठे छापलेले सापडतात. व्याज लागणारं सगळं कर्ज, अल्प आणि दीर्घ मिळून, धरणं सगळ्यात सरळ. पुरवठादाराची उधारी त्यात नको. भाडेपट्ट्याची देणी धरायची तर दोन्ही वर्षांत धरा.

खरी गंमत दोन वर्षं शेजारी ठेवल्यावर दिसते. डेट-टू-इक्विटी दोन्ही वर्षी ०.५४. केवळ तेवढंच पाहणारा म्हणेल, काहीच बदललं नाही. पण करंट रेशो १.३८ वरून १.०७ वर आला. कारण कर्ज फारसं वाढलं नाही, त्याची मुदत जवळ आली. मागच्या वर्षी १२० कोटी दीर्घ मुदतीत होते. त्यातले ६० कोटींचे डिबेंचर पुढच्या बारा महिन्यांत फेडायचे असल्यामुळे ते चालू देण्यांत सरकले. डेट-टू-इक्विटी दोन्ही खाती एकत्र करतो, म्हणून त्याला या हालचालीचा पत्ताच लागत नाही. २०२१-२२ पासून कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टानुसार दीर्घ कर्जाचा वर्षभरात देय असलेला भाग अल्प मुदतीच्या कर्जातच दाखवतात. त्याआधी तो इतर चालू देण्यांत असे, आणि कर्ज मोजताना सहज निसटत असे. जुने ताळेबंद पाहताना हे लक्षात असू द्या.

१३० कोटींच्या टीपेचा स्क्रीनशॉटही मागवावा, कारण त्यातल्या सगळ्या रुपयांचं वजन सारखं नाही. समजा ६५ कोटी कॅश क्रेडिट आहे. ते कागदोपत्री मागताक्षणी फेडायचं कर्ज, पण व्यवहारात बँक दरवर्षी मर्यादा नूतनीकरण करते. उरलेले ६५, म्हणजे डिबेंचरचे ६० आणि मुदत कर्जाच्या हप्त्याचे ५, ठरल्या तारखेला द्यावेच लागतात. हाताशी रोख व बँक शिल्लक १५. बाकीचा पैसा धंद्यातून, नव्या कर्जातून किंवा भांडवलातून यायला हवा.

१.०७ वाईट का? आपल्याकडच्या बँका खेळत्या भांडवलाचं कर्ज देताना १.३३ हा आकडा जुन्या टंडन समितीपासून मनात धरून आहेत. पण तो कायदा नव्हे. रोखीने विकणाऱ्या किराणा साखळीला पुरवठादार महिन्याची उधारी देतात आणि गिऱ्हाईक तिथल्या तिथे पैसे मोजतं, त्यामुळे तिचा रेशो एकाखाली असूनही काम अडत नाही. आपला कारखाना तसा नाही. त्याच्या ३०० पैकी १४२ मालात अडकले आहेत आणि तो माल वर्षभरात ३४ कोटींनी वाढला. माल वगळून ग्राहकांचं येणं आणि रोख एवढंच धरलं तर १३३ भागिले २८०, म्हणजे ०.४८. विक्री तितकीच वाढली असेल तर ठीक. नाहीतर गोदामात न खपणारा माल चालू मालमत्ता म्हणून बसला आहे.

३१ मार्चचा फोटो सजवताही येतो. चालू मालमत्ता २००, चालू देणी १५० असताना वर्षअखेरीला ५० कोटींची देणी चुकवली तर उरतात १५० आणि १००. रेशो १.३३ चा १.५० झाला, धंद्यात बदल शून्य. एप्रिलमध्ये उधारी पुन्हा घेतली की जैसे थे. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीचा ताळेबंद सहामाहीलाही येतो. सप्टेंबर आणि मार्चचे आकडे सोबत ठेवले की हे उघडं पडतं.

बँका आणि वित्तकंपन्यांना यातलं काही लावू नका. त्यांच्या ताळेबंदात चालू आणि दीर्घकालीन अशी विभागणीच नसते, आणि कर्ज घेणं हाच त्यांचा कच्चा माल. इक्विटी उणे असलेल्या कंपनीचा डेट-टू-इक्विटीही काढून उपयोग नाही. उणे आकडा 'कमी' वाटतो, प्रत्यक्षात संचित तोट्याने भांडवल खाल्लेलं असतं.

कंपन्यांना आता ही गुणोत्तरं टीपांमध्ये स्वतः छापावी लागतात आणि मागच्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर कारणही द्यावं लागतं. आपल्या कारखान्याची घसरण जेमतेम २२ टक्क्यांची. म्हणजे टीपेत खुलासा शोधून सापडणार नाही. कुठलं कर्ज किती महिन्यांत देय आहे, तो मुदतवार तक्ता तरलतेच्या जोखमीच्या टीपेत असतो. तिथेच जाऊन ते ६० कोटी कोणत्या गटात बसवलेत ते पाहायचं.