श्रीपत शेषाद्रीचा प्रश्न : मिशन शाळा आणि सुधारणेचे वाद

1843 च्या सप्टेंबरात मुंबईत नारायण शेषाद्री या तरुण ब्राह्मणाने बाप्तिस्मा घेतला. स्कॉटिश मिशनच्या शाळेत तो शिकला होता आणि पाद्री रॉबर्ट नेस्बिट यांच्या प्रभावाखाली आला होता. नारायण सज्ञान होता, त्यामुळे त्याच्यापुरता प्रश्न मिटला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मात्र सुमारे बारा वर्षांचा होता आणि तोही मिशनच्या घरी राहायला गेला होता. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली. मुलगा अजाण आहे, त्याचा ताबा बापाकडेच हवा, असा निकाल लागला आणि श्रीपत घरी आला.

खरा वाद त्यानंतर पेटला. श्रीपतला बाप्तिस्मा मिळालेला नव्हता, पण तो पाद्र्यांच्या पंक्तीला जेवला होता. आता तो ब्राह्मण राहिला की नाही? प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घेता येईल की नाही? मिशन शाळांनी आपल्याकडच्या सुधारणेच्या चर्चेवर काय परिणाम केला, हे समजून घ्यायला या प्रकरणाइतकी चांगली जागा नाही. धर्मांतरांची संख्या मोजत बसलो तर हा परिणाम हाती लागत नाही, कारण शाळांमधून बाहेर पडलेल्या हजारोंपैकी ख्रिस्ती झाले ते मोजकेच.

आधी या शाळांविषयी. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले पाद्री 1813 साली मुंबईत उतरले आणि दोन वर्षांत त्यांनी मराठी शाळा सुरू केल्या. शिकवायला ख्रिस्ती माणसे नव्हती, म्हणून पगारावर हिंदू पंतोजी ठेवले. तेच पंतोजी मुलांकडून बायबलमधले उतारे घोकून घेत आणि पाद्री अधूनमधून तपासणीला येई. 1824 साली याच मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. 1829 मध्ये स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन आले. त्यांची पत्नी मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1832 साली विल्सन यांची इंग्रजी शाळा उभी राहिली. पुढचे विल्सन कॉलेज ते हेच. अमेरिकनांचा भर खेड्यापाड्यांतल्या मराठी शाळांवर होता, तर स्कॉटिश मंडळींचा शहरी वरच्या जातींच्या मुलांना इंग्रजीतून शिकवण्यावर. त्यांचा अंदाज असा की इंग्रजी, भूगोल, विज्ञान आणि बायबल एकत्र शिकवले की पुराणांवरचा विश्वास आपोआप ढासळेल आणि रिकाम्या जागी ख्रिस्त येईल.

या अंदाजाचा पहिला भाग बराच खरा ठरला. मेरू पर्वत आणि दुधातुपाचे समुद्र शाळेच्या नकाशावर दिसेनात. दुसरा भाग फसला. एल्फिन्स्टन संस्थेसारख्या सरकारी संस्थांत धर्मशिक्षण नव्हते, पण तिथली मुलेही त्याच शंका घेऊन बाहेर पडत होती, आणि दोन्हीकडची मुले एकमेकांना ओळखत होती. प्रश्न मिशनने विचारले, उत्तरे मात्र मुलांनी आपली आपण शोधली.

आईबापांना धोका कळायला 1839 साल उजाडले. विल्सन यांच्या शाळेतल्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी त्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण कोर्टात गेले, मुले मोठ्या संख्येने शाळेतून काढली गेली आणि पारशांच्या तक्रारीला हिंदू-मुसलमानांनीही साथ दिली. मुंबईतले वेगवेगळे समाज एका शाळेच्या विरोधात एकत्र आल्याचे हे फार लवकरचे उदाहरण आहे. काही काळाने मुले परतली. इंग्रजीला बाजारभाव होता आणि चांगली शाळा सहज मिळत नव्हती.

आता पुन्हा श्रीपतकडे. त्याच्या बाजूने उभे राहिले ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर. ते एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक, संस्कृतात मुरलेले आणि आचाराने परंपरेला धरून असलेले. त्यांनी शास्त्राधार शोधून मुलाला प्रायश्चित्त देवविले. सनातनी मंडळींनी गहजब केला आणि श्रीपतला साथ देणाऱ्यांवर बहिष्काराचे हत्यार उपसले.

या वादाचे वैशिष्ट्य असे की यात पाद्री बाजूला पडले होते. तोवरच्या वादांत एका बाजूला मिशन आणि दुसऱ्या बाजूला शास्त्री असत. 1831 साली विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला, मोरभटांनी हिंदू धर्माच्या समर्थनार्थ पुस्तक छापले, विल्सननी त्याला उत्तर छापले. तिथे दोन्ही बाजू ठरलेल्या होत्या. श्रीपतच्या प्रकरणात ब्राह्मण ब्राह्मणांशी भांडत होते. जातीतून बाहेर जाण्याची वाट उघडी आणि आत येण्याची बंद असेल, तर प्रत्येक शाळकरी मुलगा कायमचा गमावण्याचा धोका आहे, हे बाळशास्त्रींना दिसले. त्यातून पुढचा प्रश्न आलाच: धर्माचे नियम काळ पाहून बदलता येतात का, आणि ते बदलण्याचा अधिकार कोणाचा? माझ्या मते महाराष्ट्रातल्या धर्मसुधारणेच्या चर्चेची खरी सुरुवात या प्रश्नात आहे. बाळशास्त्री 1846 साली ऐन उमेदीत गेले, प्रश्न मात्र राहिला.

त्याला एक उत्तर परमहंस सभेने दिले. दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी 1849 च्या सुमारास मुंबईत ही गुप्त सभा काढली. सभासद होताना ख्रिस्त्याने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. ज्या कृतीने श्रीपत बाटला म्हणून गदारोळ झाला, तीच कृती इथे प्रवेशाची अट झाली. एक ईश्वर मानावा, जात मानू नये, मूर्तिपूजा करू नये, ही मते मिशनच्या टीकेशी जुळणारी होती. पण ख्रिस्त हाच एकमेव तारणहार आणि बायबल हाच ईश्वराचा शब्द, हे सभेला मान्य नव्हते. सभेची अडचण तिच्या गुप्ततेत होती. घरी जात पाळायची आणि बैठकीत मोडायची, हे बाबा पदमनजींसारख्या सभासदाला पटेना. बेळगाव आणि मुंबईच्या मिशन शाळांत शिकलेल्या पदमनजींनी 1854 साली उघडपणे बाप्तिस्मा घेतला. पुढे 1860 च्या आसपास सभेचे कागद चोरीला गेले, नावे फुटण्याची भीती पसरली आणि सभा मोडली. तिच्यातल्या काही मंडळींनी 1867 मध्ये प्रार्थना समाज काढला. तो उघड होता, पण जात मोडण्याची अट त्याने ठेवली नाही.

दुसरे उत्तर पुण्यातून आले आणि त्याची धार वेगळी होती. जोतीराव फुले 1841 ते 1847 या काळात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मुलाला पुन्हा शाळेत घाला, असा आग्रह त्यांच्या वडिलांकडे धरणाऱ्यांत गफार बेग मुन्शी होते. पुढे जोतीरावांनी अहमदनगरला मिस फॅरार यांची अमेरिकन मिशनची मुलींची शाळा पाहिली आणि 1848 साली पुण्यात स्वतःची शाळा काढली. शूद्रातिशूद्रांना आणि स्त्रियांना ज्ञान नाकारले कोणी, हा त्यांचा प्रश्न होता. बाळशास्त्रींच्या वर्तुळात चर्चा जातीत परत येण्याची होती, इथे जातिव्यवस्थाच आरोपीच्या पिंजऱ्यात आली. 1855 साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मिशनच्या छापखान्याने ही जागा दिली, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. 1873 मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला.

तिसरे उत्तर प्रतिकाराचे. विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी 1857 च्या जानेवारीपासून मेपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनारी दर आठवड्याला पाद्र्यांशी जाहीर वाद केला. त्यांचा ‘वेदोक्त धर्मप्रकाश’ 1859 साली आला. वेद हाच खरा धर्म आणि बाकीचे नंतरचे, ही मांडणी त्यात आहे. धर्माला एक मूळ ग्रंथ हवा आणि बाकी सगळे त्या कसोटीवर घासावे, ही अपेक्षा पाद्र्यांच्या वादपद्धतीतली होती. तिला विरोध करणाऱ्यांनीही ती उचलली.

मुसलमानांमधला वाद या वाटेने गेला नाही. जातीत परत घेण्याचा प्रश्न तिथे मध्यवर्ती नव्हता, आणि एक ईश्वर व एक ग्रंथ हे त्यांना नव्याने सांगायची गरज नव्हती. म्हणून भांडण ग्रंथांच्या अस्सलपणावर झाले. 1854 च्या एप्रिलमध्ये आग्र्यात पाद्री फांडर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांच्यात दोन दिवस वाद झाला. फांडरच्या जोडीला टॉमस फ्रेंच होते, तिथल्या मिशनच्या सेंट जॉन्स कॉलेजचे प्रमुख. रहमतुल्लाहांच्या जोडीला डॉक्टर वजीर खान होते आणि त्यांच्याकडे युरोपातच लिहिली गेलेली बायबल-चिकित्सेची पुस्तके होती. हस्तलिखितांत पाठभेद आहेत, हे फांडरना कबूल करावे लागले.

शाळांविषयीची मुस्लिम नाराजी सर सय्यद अहमद खान यांनी 1857 च्या उठावाच्या कारणांवरील पुस्तिकेत नेमकी टिपली आहे. सरकारी अधिकारी मिशन शाळांच्या परीक्षांना हजर राहत, मुलांना तुमचा प्रभू कोण, तारणहार कोण असे विचारले जाई आणि ख्रिस्ती धर्माप्रमाणे उत्तर देणाऱ्याला बक्षीस मिळे, असे ते लिहितात. लोकांना राग आला तो सरकार आणि मिशन एकच आहेत या समजुतीने. सर सय्यद यांनी मात्र यातून इंग्रजी शिक्षण टाळण्याचा निष्कर्ष काढला नाही. त्यांनी बायबलवर मुस्लिम दृष्टीने भाष्य लिहिले आणि 1875 साली अलीगढला शाळा सुरू केली. तिथे इंग्रजी होते आणि धर्मशिक्षण इस्लामचे होते. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1874 मध्ये अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली, तिची शाळा 1880 साली उघडली. याउलट 1866 मध्ये सुरू झालेल्या देवबंदच्या मदरशाने सरकारी अनुदान आणि इंग्रजी दोन्ही दूर ठेवले.

अनुदानाचा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. 1854 च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी मदतीची वाट मोकळी केली. तिचा फायदा सुरुवातीला मुख्यतः मिशनला झाला, कारण चालत्या शाळा त्यांच्याकडे होत्या. पण तीच वाट एतद्देशीयांनाही खुली होती. शाळेवर टीका करण्यापेक्षा आपली शाळा काढणे अधिक परिणामकारक, हे लोकांना हळूहळू उमगले. 1880 साली पुण्यात चिपळूणकर, टिळक आणि मंडळींनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले, त्यामागेही ही उमज होती.

शतकाच्या शेवटाकडे श्रीपतचा प्रश्न मुलींच्या बाबतीत परत आला. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले आणि नंतर ते पुण्यास हलवले. धर्माचा आग्रह धरणार नाही असे त्यांनी सांगितले होते, पण काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या. 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्याच वर्षी सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला, आणि 1896 साली त्यांनी विधवांसाठी हिंदू चालकांचा आश्रम सुरू केला. शिकवण्याची रीत आणि विधवांना एकत्र ठेवून शिकवण्याची कल्पना रमाबाईंच्या सदनात आधी रुजली होती. धर्माची धास्ती नको असलेल्या पालकांना आता दुसरे दार मिळाले.