पाळीआधीचे जबड्यावरचे पिंपल्स: नेहमीचं चक्र की पीसीओएस?

जबड्याच्या कडेने आणि हनुवटीखाली, पाळीच्या आठवडाभर आधी दुखऱ्या गाठी येतात. वर तोंड नसतं, दाबून काही निघत नाही आणि डाग मात्र दोन महिने राहतो. मैत्रीण, पार्लरवाली, मावशी, कुणी ना कुणी लगेच सांगतं, "हार्मोनल आहे गं, टेस्ट करून घे." यातलं पहिलं वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. दुसरं मात्र त्याला आपोआप जोडून येत नाही. पिंपल हार्मोनमुळे येणं आणि रक्तातलं हार्मोन बिघडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रौढ वयात पिंपल्स येणाऱ्या बहुतेक बायकांच्या रक्तात अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉन आणि त्याची भावंडं, अगदी मर्यादेत असतात.

मग दर महिन्याला होतं काय? अंडाशय आणि मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथी प्रत्येक बाईच्या शरीरात थोडं अँड्रोजेन बनवतातच. त्वचेतल्या तैलग्रंथी त्याच्या हुकुमावर चालतात. टेस्टोस्टेरॉन त्या ग्रंथीत पोचलं की तिथल्या तिथे त्याचं आणखी प्रभावी रूप तयार होतं आणि तेल वाढतं. स्त्रीबीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं. पाळीच्या आधीच्या दिवसांत ते आणि इस्ट्रोजेन दोन्ही घसरतात, अँड्रोजेन मात्र तेवढं उतरत नाही. त्यामुळे त्याचं पारडं काही दिवस जड राहतं. ज्यांच्या ग्रंथी मुळातच जास्त संवेदनशील, त्यांना तेवढं पुरतं. रक्ताच्या रिपोर्टात यातलं काहीच दिसणार नाही, कारण फरक रक्तात नसून ग्रंथीच्या कानात आहे.

आता पीसीओएस, आपल्याकडे सर्रास पीसीओडी म्हणतात ते. इथे अँड्रोजेन खरोखर वाढलेलं असू शकतं आणि स्त्रीबीज दर महिन्याला सुटत नाही. पिंपल्स इथेही जबड्यावर येतात आणि पाळीआधी वाढूही शकतात. म्हणून नुसता चेहरा पाहून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. ते वेगळे होतात कॅलेंडरवर.

दोन मुली समजा. पहिलीची पाळी 3 मार्चला आली, पुढची 31 मार्चला. गाठी 24 मार्चला उगवल्या आणि पाळी सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत बसल्या. एप्रिलमध्ये पुन्हा तसंच. 28 दिवसांचं चक्र, मध्ये दोन आठवडे चेहरा बराचसा शांत. दुसरीची पाळी 5 जानेवारीला आली, मग थेट 24 फेब्रुवारीला, म्हणजे 50 दिवसांनी, आणि त्यापुढची 19 एप्रिलला. तीही म्हणते, "मला पाळीच्या आधी पिंपल्स येतात." तिचं खोटं नाही, पण जिची पाळी दोन महिने लांबते ती कायमच पाळीच्या आधी असते. तिला नीट विचारलं तर चेहरा पूर्ण शांत असा आठवडा तिला आठवत नाही.

म्हणून डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन महिने फोनवर दोनच गोष्टी लिहा: पाळीचा पहिला दिवस आणि नवीन गाठ आली तो दिवस. प्रौढ बाईचं चक्र 21 दिवसांपेक्षा लहान किंवा 35 पेक्षा लांब असेल, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या येत असतील, तर तपासणीला कारण आहे. किशोरवयात, पाळी सुरू झाल्यावरची पहिली एक-दोन वर्षं चक्र अनियमित असणं नेहमीचं असतं, तिथे हा हिशेब जसाच्या तसा लावू नये.

दुसरा प्रश्न केसांचा, आणि तो हमखास हुकतो. हनुवटीवर, ओठांवर, छातीवर, बेंबीखाली जाड काळे केस आहेत का, असं विचारलं की उत्तर "नाही" येतं, कारण परवाच थ्रेडिंग झालेलं असतं. विचारायचं ते असं: हनुवटीचं थ्रेडिंग किती दिवसांनी करावं लागतं? दर आठवड्याला लागत असेल तर पाळी नियमित असली तरी अँड्रोजेन तपासावं. भांगाच्या जागी केस विरळ होणं, मानेवर आणि काखेत काळपट, मखमली दिसणारी त्वचा, नेटाने घेतलेल्या औषधांना दाद न देणारे पिंपल्स, ही तशीच कारणं. आणि काही महिन्यांतच आवाज घोगरा झाला, केस झपाट्याने वाढले, तर थांबायचं नाही. अँड्रोजेन बनवणारी गाठ, म्हणजे ट्यूमर, क्वचितच असते, पण ती अशीच वेगाने येते.

यातलं काहीच नसेल, पहिल्या मुलीसारखं चित्र असेल, तर काही हजारांचं "हार्मोन प्रोफाइल" करून हाती फारसं काही लागत नाही. उलट सोनोग्राफीत अंडाशयात बारीक फुगे दिसतात आणि पीसीओडीचा शिक्का बसतो. तरुण वयात असे अंडाशय निरोगी बायकांतही सहज सापडतात. प्रौढ बाईत निदानासाठी तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, अँड्रोजेन वाढल्याची लक्षणं किंवा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीतलं चित्र. एकट्या सोनोग्राफीवर निदान होत नाही.

टेस्ट करायचीच झाली तर ती नीट वेळ साधून करा. रक्त सकाळी आणि पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी द्यावं. पाळीच फार लांबत असेल तर दिवस डॉक्टर ठरवतात. मुख्य तपासण्या म्हणजे टोटल टेस्टोस्टेरॉन आणि त्याला बांधून ठेवणारं प्रथिन एसएचबीजी. त्यांच्यासोबत डीएचईए-एस, 17-ओएच प्रोजेस्टेरॉन, आणि पाळी बिघडलेली असेल तर टीएसएच व प्रोलॅक्टिन. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्या अँड्रोजेन दाबून ठेवतात आणि रिपोर्ट फसवा छान येतो. त्या साधारण तीन महिने बंद ठेवून तपासणी करतात, पण डॉक्टरांना विचारून आणि दुसरं गर्भनिरोधक वापरूनच. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा. बऱ्याच लॅबच्या पद्धतीत बायोटिन ढवळाढवळ करतं, टेस्टोस्टेरॉन खोटं वाढलेलं आणि टीएसएच खोटं कमी दाखवू शकतं.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे पिंपल्स हार्मोनल नाहीत असं नव्हे, आणि उपचार थांबवायचेही नाहीत. पाळीआधी फुटणारी गाठ कित्येक आठवडे आधी बंद पडलेल्या रंध्रात सुरू झालेली असते, म्हणून फक्त त्या आठवड्यात ठिपक्यावर क्रीम लावून उपयोग नाही. अॅडापॅलीन 0.1% जेल रात्री पूर्ण जबड्यावर आणि हनुवटीवर पातळ थरात, आणि सकाळी 2.5% बेंझॉइल पेरॉक्साइड, असं किमान 12 आठवडे. सुरुवातीला जळजळ झाली तर एक दिवसाआड. गर्भधारणेचा विचार असेल तर अॅडापॅलीन नको. एवढ्याने भागलं नाही तर त्वचारोगतज्ज्ञ स्पायरोनोलॅक्टोन देतात. ते ग्रंथीवरच अँड्रोजेनला अडवतं, त्यामुळे रक्तातलं प्रमाण नॉर्मल असलेल्या बाईलाही लागू पडतं. परिणाम दिसायला तीन महिने किंवा जास्त लागतात आणि त्या काळात गर्भधारणा टाळावीच लागते.