अटी बदलल्याचा मेल आणि संमती मागणारी चौकट: गप्प बसलं तर काय होतं?

अ‍ॅपकडून येणारे दोन निरोप दिसायला जुळे भाऊ असतात. दोन्हींत लांबलचक अटी, दोन्हींत एक ठळक बटण. फरक एवढाच की एकात गप्प बसलात तर तुमचा होकार धरला जातो आणि दुसऱ्यात गप्प बसणं म्हणजे नकार. माणसं नेमकं उलट समजून बसतात.

पाचोऱ्याला आमच्या मामांचं बी-बियाणांचं दुकान आहे. कापसाचा पैसा हातात येईपर्यंत निम्मा तालुका उधारीवर, आणि ती सगळी उधारी मोबाइलमधल्या हिशेबाच्या अ‍ॅपवर. मागे त्यांना त्या अ‍ॅपचा इंग्रजी मेल आला: अमुक तारखेपासून नव्या अटी. मामांनी तो उघडला आणि तसाच सोडून दिला. "मी बटणाला हातच लावला नाही भो, मग मला काय लागू?"

लागू होतं. त्या मेलच्या पोटात, तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात, एक वाक्य होतं: "By continuing to use the app after this date, you agree to the updated terms." म्हणजे त्या तारखेनंतर मामांनी पहिली उधारी नोंदवली की होकार झाला. भारतीय करार कायदा १८७२ सालचा, पण त्याच्या कलम ८ प्रमाणे समोरच्याने देऊ केलेला मोबदला घेणं हीसुद्धा स्वीकृतीच. बाजार समितीच्या फळ्यावर हमालीचा नवा दर लागतो, शेतकऱ्याची सही कोणी घेत नाही. माल उतरवला की नव्या दराने कापतात, तसंच हे. अशा मेलमध्ये 'I agree' बटण असलं तरी ते दाबल्या-न दाबल्याने सहसा काही बदलत नाही. खरा नकार एकच: त्या तारखेच्या आत आपला हिशेब उतरवून घेणं आणि खातं बंद करणं. नुसतं अ‍ॅप मोबाइलमधून उडवलं तर खातं तिकडे तसंच राहतं, आणि वर्गणीचं ऑटोपे चालू असेल तर पैसेही कापले जात राहतात.

म्हणून या मेलमध्ये सगळं वाचत बसण्यापेक्षा लागू होण्याची तारीख आणि 'continuing to use' असलेलं वाक्य आधी शोधावं. मग शुल्क, आपोआप नूतनीकरण आणि वाद कुठे मिटवायचा, एवढं पाहावं. बाकीचा मजकूर बहुधा वकिलांनी वकिलांसाठी लिहिलेला असतो. मेलमधली लिंक मात्र दाबू नये. अ‍ॅप उघडून सेटिंगमधल्या 'Terms'मध्ये तीच तारीख दिसते का ते बघावं. ओटीपी किंवा पिन मागणारा मेल अटींचा नसतो, तो चोराचा असतो.

दुसरा निरोप मामांना आठवड्याभराने आला, अ‍ॅप उघडताच. व्यवसायासाठी कर्ज हवं का, आमच्या भागीदार कंपन्यांना तुमची माहिती द्यायला परवानगी द्या. खाली मोठं 'Allow', कोपऱ्यात बारीक 'Not now'. अटींचा मेल नुकताच येऊन गेलेला, त्यामुळे मामांना वाटलं हे त्याचंच शेपूट. नाही दाबलं तर वही बंद पडेल. तसं काही नव्हतं. ही संमती आहे, आणि संमती मौनातून निघत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ म्हणतो की ती मोकळेपणी, ठरावीक कामापुरती आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी, आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता यायला हवी. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले. संमतीच्या तरतुदींना त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे. कर्जाच्या अ‍ॅपांना मात्र रिझर्व्ह बँकेचे निर्देश आधीपासूनच आहेत: मोबाइलमधले संपर्क, कॉलची नोंद, फोटो-फाइली यांना हात लावायचा नाही.

कंपन्या हे दोन्ही मुद्दाम कालवतात तेव्हा घोळ होतो. व्हॉट्सअ‍ॅपने जानेवारी २०२१मध्ये तेच केलं: नवं धोरण मान्य करा, नाहीतर खातं विसरा. मुदत ८ फेब्रुवारीवरून १५ मेवर गेली, पुढे न स्वीकारणाऱ्यांचीही खाती चालूच राहिली. स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४मध्ये या 'घ्या नाहीतर चालते व्हा' पद्धतीसाठी व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी मेटाला २१३.१४ कोटींचा दंड ठोकला.

मामांनी 'Not now' दाबलं. वही चालू राहिली. मग सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं तर एसएमएस वाचायची परवानगी अ‍ॅप घेतलं त्या दिवसापासून चालूच होती. ती बंद केली. नव्या अटी मात्र त्यांना लागू झाल्याच, कारण त्याच सकाळी एका गिऱ्हाइकाच्या युरियाच्या गोण्या त्यांनी उधारीत मांडल्या होत्या.