तलवार धारेला आणताना कापलेला तुकडाही आणा

चटई आणि बाटल्यांवर सराव करणाऱ्या ग्राहकांसाठी

नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या कारखान्यात आखाड्यांच्या आणि वर्गांच्या तलवारी धारेला येतात. त्याच सरावासाठी लागणाऱ्या चटईच्या गुंडाळ्या आणि लाकडी स्टँडही आम्ही करून देतो. गेल्या दोन वर्षांत एकच तक्रार इतक्यांदा ऐकली की ती लिहून हातात द्यावी असे वाटले. तक्रार अशी: "भाऊ, धार लावून दिली, पण कापूनच नाही राहिली. आणखी बारीक करून द्या."

अशा दहा तलवारी आल्या तर त्यातल्या सहा-सातांची धार जागेवर असते. पाते तिरपे जाते म्हणून चटई अडते. हे न तपासता पुन्हा घासायला दिले की प्रत्येक वेळी पात्याचे थोडे लोखंड जाते आणि ते परत येत नाही. वरून तुमची आठवड्याची सुट्टी आमच्याकडे हेलपाटे घालण्यात जाते.

दोष कुठे आहे हे घरीच कळते

त्यासाठी तीन वस्तू लागतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिले, वर्तमानपत्राचे एक पान लटकवून धरा आणि पाते त्यावरून सावकाश ओढा. कागद न फाटता चिरला तर धार ठीक आहे. कुठे अडकून फाटला तर ती जागा पात्यावर खडूने खूण करून आमच्याकडे या. ते काम आमचे.

कागद चिरला गेला तर पुढची परीक्षा बाटलीची. थंड पेयाची दोन लिटरची जाड बाटली घ्या, गळ्यापर्यंत पाण्याने भरा, झाकण घट्ट लावा आणि कमरेच्या उंचीच्या स्टुलावर ठेवा. पाण्याच्या पातळ बाटल्या नकोत. त्या नुसत्या चेपतात, आणि चूक हाताची होती की बाटलीची हे समजत नाही. उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेकडे, साधारण ४५ अंशांत तिरका वार करा. पाते सरळ गेले तर वरचा तुकडा घसरून पडतो आणि खालची अर्धी बाटली पाणी घेऊन जागच्या जागी उभी राहते. बाटली खळगा पडून उडाली तर पात्याचा चपटा भाग लागला. अर्धी चिरून मग उडाली तर सुरुवात बरोबर होती, मध्ये मनगट वळले.

बाटली कापली गेली तरी समाधान मानू नका. खालचा तुकडा रिकामा करून, कापलेली कड खाली करून फरशीवर पालथा ठेवा. कड सगळीकडून टेकली तर पाते एकाच पातळीत गेले. तुकडा डुगडुगला तर पाते वाटेत वळले, मग वार दिसायला कितीही झकास असो. कटाना शिकणारे ग्राहक या सरळपणाला जपानी शब्दाने हासुजी म्हणतात. आपल्या आखाड्यात नाव कोणतेही असो, धारेपासून पाठीपर्यंतची रेषा आणि पाते ज्या दिशेने चालले ती दिशा एक असली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

चटई ही शेवटची परीक्षा, कारण तिला धार आणि हात दोन्ही लागतात. वेग चांगला असला तर बाटली थोड्या बोथट धारेलाही माफ करते. चटई करत नाही.

"बारीक धार" का देत नाही

यावर आमच्याशी लोक सर्वात जास्त वाद घालतात, म्हणून सविस्तर सांगतो. धार म्हणजे दोन उतार एका रेषेत मिळणे. चटईच्या सरावासाठी आम्ही दोन्ही उतार मिळून साधारण ३६ अंश ठेवतो, म्हणजे मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना १८-१८. उतार जिथे पात्याला मिळतो तो खांदा किंचित गोल करतो, म्हणजे चटई तिथे अडत नाही.

आता तुमचे पाते वाराच्या दिशेला ५ अंश तिरपे गेले असे धरा. धार शिरते, पण एका बाजूने जास्त दाबली जाते. १८ अंशांपर्यंत तिरपे गेले की एका बाजूचा उतार वाराच्या दिशेशी समांतर होतो. त्यापुढे गेले की धारेऐवजी उतारच चटईवर आपटतो आणि पाते घसरते. म्हणजे ३६ अंशांची धार हाताला प्रत्येक बाजूने १८ अंशांची मोकळीक देते. तीच धार वस्तऱ्यासारखी २४ अंशांची करून घेतली तर मोकळीक १२ वर येते. शिवाय धारेमागचे लोखंड पातळ होते, म्हणून तिरप्या वारात ती लवकर मुडपते. ज्याचा हात वळतो त्याला बारीक धार दिली तर तो महिन्याऐवजी आठवड्यात परत येतो.

नुसती धारच नव्हे, सगळे पाते अडते. ३ सेंटिमीटर रुंदीचे पाते १० अंश तिरपे असले तर त्याची पाठ धारेच्या मार्गापासून सुमारे अर्धा सेंटिमीटर बाजूला असते. धारेने पाडलेल्या फटीतून ती पाठ जाणार कशी? चटईला तेवढे रुंद व्हावे लागते, ती होत नाही, आणि पाते मध्येच रुतते. मग लोक जोर वाढवतात. जोर वाढला की मूठ आवळली जाते, कोपर बाहेर येते आणि मनगट आणखी वळते. वाकलेली पाती आमच्याकडे येतात ती बहुतेक अशीच.

एक तलवार, तीन खेपा

सक्करदऱ्याकडच्या आखाड्यातला एक मुलगा दोन महिन्यांत तिसऱ्यांदा आला. तलवार नवी घडवलेली, चांगल्या कार्बन पोलादाची, वक्र पात्याची. मागणी तीच, आणखी बारीक धार. मी आधी कापसाचा बोळा धारेवरून फिरवला. टोकापासून वीतभर अंतरावर बोळ्याचे धागे अडकले, पण एकाच बाजूने. पाठीकडून धारेकडे नख ओढले तर डाव्या अंगाला बारीक ओठ लागला. नुसत्या वापराने बोथट झालेली धार दोन्हीकडे सारखी गोल होते. एकाच बाजूला मुडपलेली धार सांगते की हात दर वेळी एकाच दिशेने वळतोय.

त्याला अंगणात बाटली लावून दिली. अर्धी चिरली आणि बाटली डावीकडे उडाली. चटईवर पाते अर्ध्यावर रुतले. सोडवून पाहिले तर कापलेला भाग सपाट नव्हता, चमच्यासारखा खोलगट होता. खोलगट भाग म्हणजे पाते आत शिरल्यावर वळले.

मग मूठ पाहिली. घाम येतो म्हणून त्याने मुठीवर क्रिकेटच्या बॅटची रबरी ग्रिप चढवली होती, तीही दुहेरी. मूठ जाड आणि पूर्ण गोल झाली होती. बॅटला ते ठीक, तिची चपटी बाजू डोळ्यांना दिसते. तलवारीत धार कुठे आहे हे बोटांना कळावे लागते आणि गोल मुठीत ते कळत नाही. ग्रिप काढली, धारेच्या बाजूला बांबूची पातळ कामटी ठेवली आणि वरून सुती पट्टी घट्ट गुंडाळली. मूठ अंडाकृती झाली. धारेचा मुडपलेला ओठ सहाणेवर हलकेच सरळ केला, कोन बदलला नाही.

त्यानंतर त्याला हवेत पंधरा-वीस वार करायला लावले, सावकाश, फक्त आवाज ऐकत. पाते सरळ गेले की आवाज बारीक आणि धारदार येतो. तिरपे गेले की फडक्याने हवा हाकल्यासारखा पसरट येतो. पात्यावर लांब खाच असेल तर शिट्टीसारखा ऐकू येतो, म्हणून दोन वेगवेगळ्या तलवारींच्या आवाजांची तुलना करू नका. मग बाटली. तिसऱ्या बाटलीला खालचा भाग स्टुलावर उभा राहिला. चटई त्या दिवशी जवळजवळ पूर्ण कापली गेली, फक्त शेवटचा बोटभर भाग राहिला, कारण तो वार संपण्याआधी हात थांबवत होता. ती सवय आमच्या सहाणेने जात नाही, त्याच्या वस्तादांनीच घालवली.

मुठीबद्दल आणखी एक. पारंपरिक तलवारीची मूठ लहान असते आणि खालची कटोरी मनगट जास्त वाकू देत नाही. तिने कुऱ्हाडीसारखा वार केला की कटोरी मनगटात रुतते. वार खांद्यातून आणून पाते ओढत न्यावे, मग ती चांगली कापते. घरातल्या जुन्या तलवारी मात्र सरावाला आणू नका. त्यांचे पाते मुठीत बहुधा लाखेने किंवा राळेने बसवलेले असते. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तापली की ती मऊ पडते, आणि पुढच्या वारात पाते मुठीतून सुटू शकते. भिंतीवर लावायच्या शोभेच्या तलवारींनाही आम्ही धार लावत नाही. त्यांच्या मुठीत बहुधा नुसती जोडलेली बारीक सळई असते.

चटईबद्दल

जपानी सरावात इगुसा नावाच्या लव्हाळ्याच्या चटया वापरतात. आम्ही देशी लव्हाळ्याच्या चटया घेऊन घट्ट गुंडाळतो आणि रबराने बांधतो. प्लास्टिकच्या धाग्याची चटई आणली तर आम्ही गुंडाळून देत नाही, कारण ती धार खाते आणि परीक्षेत काहीच सांगत नाही. गुंडाळी २४ तास पूर्ण पाण्यात बुडवा, मग तासभर उभी करून निथळू द्या. कोरडी चटई पात्यावर ओरखडे पाडते, आणि सैल गुंडाळी दबून वळते, मग दोष उगाच हाताला लागतो. उन्हाळ्यात दीड दिवसाहून जास्त भिजवली तर वास येतो. निथळल्यावरही उन्हात ठेवू नका, बाहेरचा थर दुपारच्या आत वाळून कडक होतो.

धारेला येताना

कापलेले दोन तुकडे आणा, एक बाटलीचा आणि एक चटईचा. तुकडे पाहून दोष धारेचा की हाताचा हे सांगायला पाच मिनिटे लागतात आणि त्याचे पैसे आम्ही घेत नाही. दोष हाताचा असेल तर धार न लावता तलवार परत देऊ, राग मानू नका. मूठ बांधायची असेल तर तासाभरात बांधून देतो. कोरड्या मशीनवर धार लावून घेतलेली तलवार असेल तर आधी सांगा. धारेवर निळा रंग चढला असेल तर तिथले पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरले असण्याची शक्यता असते आणि तेवढा भाग वेगळा पाहावा लागतो.

शस्त्र कायद्यात ९ इंचांपेक्षा लांब पात्याची शस्त्रे येतात. म्हणून ओळखपत्र आणि परवाना किंवा तुमच्या आखाड्याची कागदपत्रे पाहिल्याशिवाय तलवार आत घेत नाही, ओळखीच्या माणसाचीही नाही. तलवार म्यानात आणि कापडात बांधून आणा.

रविवारच्या सरावासाठी भिजवलेल्या गुंडाळ्या हव्या असतील तर गुरुवारी संध्याकाळपर्यंत सांगा. शुक्रवारी गुंडाळून रात्री पाण्यात टाकतो आणि शनिवारी रात्री निथळायला काढतो. रविवारी पहाटे ५ पासून घेऊन जाता येतील.