दोघींचं उत्तर ४८, पण चुका दोन: मोजपात्राची आकृती वाचताना

कार्यपत्रिकेवर मोजपात्राची आकृती होती. पट्टीवर ४०, ५०, ६० असे आकडे, लागोपाठच्या दोन आकड्यांमध्ये चार बारीक रेघा, आणि पाण्याच्या पृष्ठभागाचा खळगा ४० च्या वरच्या तिसऱ्या रेघेला टेकलेला. बरोबर उत्तर ४६ मिली. नववीतल्या दोन मुलींनी ४८ लिहिलं होतं. दोघी एकाच बाकावर बसतात, तेव्हा एकीने दुसरीचं पाहून लिहिलं असणार, असंच मी धरून चालले होते. दोघींना बोट ठेवून वाचून दाखवायला सांगितलं, तेव्हा कळलं की कोणी कोणाचं पाहिलेलं नव्हतं. एकीचं बोट काचेच्या कडेला गेलं. तिथे पाणी थोडं वर चढलेलं असतं आणि आकृतीत ती कड चौथ्या रेघेपाशी होती. दुसरीचं बोट खळग्याच्या तळाशीच होतं, पण मोजताना तिने ४० च्या रेघेलाच ‘एक’ म्हटलं. मग तिसरी रेघ झाली ‘चार’, आणि चार दुणे आठ.

वहीत दोन्ही चुका सारख्याच दिसतात. दोन्ही ठिकाणी लाल पेनाने ‘मेनिस्कसचा तळ बघ’ असं लिहिलं, तर पहिलीला उपयोग होतो आणि दुसरी गोंधळते, कारण ती तळच बघत होती. एक चूक पाण्याच्या कोणत्या भागाकडे बघायचं याची आहे, दुसरी पट्टी कशी मोजायची याची. त्या वेगळ्या करायला एक सोपा उपाय आहे: तेच वाचन वरच्या आकड्यापासून खाली मोजत घ्यायला सांगायचं. पहिली म्हणाली, ५० पासून खाली एक घर, म्हणजे ४८. तिचं खालून आणि वरून जुळलं. दुसरीने सवयीप्रमाणे ५० च्या रेघेला ‘एक’ म्हटलं, तीन मोजले, सहा वजा केले, आणि ४४ आलं. खालून ४८, वरून ४४. आपलं काहीतरी चुकतंय हे तिचं तिलाच दिसलं.

पट्टीच्या चुकीचं मूळ असं की आपण रेघा मोजतो आणि माप असतं घरांचं. दोन आकड्यांमध्ये रेघा चार असतील तर घरं पाच होतात. ५० मधून ४० गेले, राहिले १०, ते पाच घरांत वाटले की एका घराची किंमत २ मिली. हेच त्या पात्राचं लघुतम माप. इथे तीन प्रकारे पाय घसरतो. कोणी १० ला ४ ने भागतं आणि एक घर अडीच मिलीचं करतं. कोणी आकड्याच्या रेघेपासूनच मोजायला लागतं, वरच्या मुलीसारखं. आणि सगळ्यात जास्त मुलं काही न भागता प्रत्येक घर १ चं धरतात आणि ४३ लिहितात. फूटपट्टीवर सेंटिमीटरची दहा घरं बघायची सवय इतकी मुरलेली असते की बारीक रेघ दिसली की ‘एक’ हेच तोंडात येतं.

दोन्हीकडून मोजलं की या तिन्ही चुका उघड्या पडतात. अडीचवाल्याचं खालून साडेसत्तेचाळीस येतं, वरून पंचेचाळीस. एकवाल्याचं खालून ४३, वरून ४८. घराची किंमत बरोबर काढली असेल आणि मोजणी घरांची असेल, तरच दोन्हीकडून एक उत्तर येतं. आणखी एक खूण नजरेने पटकन ओळखता येते. घर २ चं असेल आणि तळ नेमका रेघेवर असेल, तर उत्तर सम संख्याच हवी. पाणी रेघेवर टेकलेलं आहे आणि वहीत ४३ आहे, तर तिथे पुढचं काही तपासायची गरजच नाही. विषम उत्तर फक्त तळ दोन रेघांच्या मधोमध असेल तेव्हाच येतं, उदाहरणार्थ ४६ आणि ४८ च्या मध्ये ४७.

अमीटरच्या आकृतीत पाणी नाही, त्यामुळे तिथे पट्टीची चूक निव्वळ रूपात दिसते. दोन पट्ट्यांचा अमीटर घ्या. एकाच कमानीवर वर ०, १, २, ३ अँपिअर आणि खाली ०, ०.२, ०.४, ०.६ अँपिअर, घरं एकूण तीस. काटा डावीकडून सतराव्या घराच्या शेवटी आहे आणि तारा ०.६ च्या पट्टीच्या टोकांना जोडल्या आहेत. आकडा दिसतो ०.२, त्याच्यापुढे सात घरं. झटकन ०.२७ लिहिलं जातं. पण ०.२ ते ०.४ मध्ये घरं दहा, म्हणजे एक घर ०.०२ चं, सात घरांचे ०.१४, आणि वाचन ०.३४ अँपिअर. उलट मोजा: ०.४ ला तीन घरं कमी, म्हणजे ०.०६ कमी, पुन्हा ०.३४. ज्याने ०.२७ लिहिलं त्याचं वरून ०.३७ येईल. या अमीटरवर तिसरी पडताळणीही होते. काटा त्याच जागी असताना वरच्या पट्टीवर १.७ वाचता येतं, आणि वरचा आकडा खालच्याच्या नेहमी पाचपट असतो. ०.३४ गुणिले ५, बरोबर १.७. मात्र उत्तरात कोणता आकडा लिहायचा ते काट्यावरून कळत नाही. त्यासाठी तारा कोणत्या टोकांना जोडल्या आहेत ते आकृतीत बघावंच लागतं, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं.

तापमापीत ही अडचण शून्याखाली येते. प्रयोगशाळेतल्या तापमापीवर बहुधा −१० ते ११० अंश सेल्सिअस असतात आणि एक घर १ अंशाचं, म्हणून शून्याच्या वर कोणाचं फारसं चुकत नाही. द्रव −१० च्या वर सहा घरं असेल तर मात्र −१६ किंवा −६ अशी उत्तरं येतात. शून्यापासून खाली मोजलं की चार घरं, म्हणून −४. वर जाताना तापमान वाढतं, मग शून्याखालीही वर गेल्यावर आकडा शून्याकडेच सरकणार. एवढं लक्षात आलं की −१० हून खालचं −१६ लिहिताना हात आपोआप थांबतो.

आता पहिल्या मुलीची चूक. दोन्हीकडून मोजूनही ती सापडत नाही, कारण तिची पट्टी बरोबर होती आणि फक्त बघायची जागा चुकली होती. पाण्याला पाण्यापेक्षा काचेची ओढ जास्त, म्हणून कडेला ते काचेला धरून दोन-तीन मिलिमीटर चढतं आणि मध्ये खळगा पडतो. त्या वाकलेल्या पृष्ठभागाला मेनिस्कस म्हणतात. तळच का वाचायचा, तर पात्रावरच्या रेघा आखतानाच खळग्याचा तळ रेघेला टेकेल असं धरलेलं असतं. शंभर मिलीच्या साध्या पात्रात १ मिलीची उंची दोन मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे कड वाचली तर एखादा मिली सहज जास्त येतो. आकृतीत खळगा मुद्दाम ठळक काढतात, म्हणून तिथे दोनाचा फरक दिसला. पारा याच्या उलट वागतो. त्याची ओढ काचेपेक्षा स्वतःकडे जास्त, म्हणून त्याचा पृष्ठभाग मध्ये फुगतो आणि फुगवट्याचा माथा वाचायचा असतो. पोटॅशिअम परमँगनेटच्या गडद जांभळ्या द्रावणात तळ दिसतच नाही, तिथे वरची कड वाचतात, पण सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा कडच. प्लॅस्टिकच्या मोजपात्रात पाणी जवळपास सपाट राहतं. तिथे खळगा शोधत बसू नये, जी पातळी दिसते तीच वाचावी.

कार्यपत्रिकेत कधी अ, ब, क असे तीन डोळे काढून कोणता बरोबर असं विचारतात. रेघा काचेच्या आपल्याकडच्या बाजूला असतात आणि तळ पात्राच्या मध्यात. वरून बघणारी नजर तळाकडे उतरताना काचेला तळाहून उंच ठिकाणी छेदते, म्हणून आकडा जास्त वाचला जातो. खालून बघितलं तर कमी. ब्युरेटमध्ये मात्र शून्य वर असतं आणि आकडे खाली वाढत जातात, त्यामुळे तिथे वरून बघणाऱ्याचा आकडा कमी येतो. ‘वरून बघितलं की जास्त’ एवढंच पाठ केलेल्या मुलांचं ब्युरेटच्या आकृतीत हमखास चुकतं.

या चुकांचा फरक वजाबाकीत आणखी कळतो. शाळेमागच्या मैदानातून उचललेला काळा दगड, म्हणजे आपल्याकडचा बेसॉल्ट, ४६.४ ग्रॅम भरला. पाणी आधी ४६ वर होतं, दगड बुडवल्यावर ६२ वर गेलं. आकारमान १६ घनसेंटिमीटर, घनता २.९. कड वाचणारी मुलगी ४८ आणि ६४ लिहील, आणि तिची वजाबाकी १६ च येईल, कारण दोन्ही वेळा ती सारखंच जास्त वाचते. ४० ला ‘एक’ म्हणणारीसुद्धा ४८ आणि ६४ च लिहील आणि तिलाही १६ मिळतील. पण पाणी नेमकं ६० वर थांबलं असतं, तर ती ६० च वाचते, आणि १४ च्या जागी तिला १२ मिळतात. म्हणून वजाबाकी जुळली एवढ्यावर कोणाचंही वाचन बरोबर धरू नये, दोन्ही आकडे वेगवेगळे तपासावेत. प्रत्येक घर १ चं धरणाऱ्याला तर इथे सूटच मिळत नाही. त्याचे आकडे ४३ आणि ६१, फरक १८, आणि घनता सुमारे २.६. हा आकडा ग्रॅनाइटला शोभणारा आहे, म्हणून उत्तर अशक्य वाटत नाही आणि चूक झाकली जाते. वहीतला दगड ग्रॅनाइट झाला आहे आणि टेबलावर काळाकुळकुळीत बेसॉल्ट पडलेला आहे, अशा वेळी मी त्या मुलाला पुन्हा पहिल्या आकृतीपाशी नेते आणि ५० पासून खाली मोजायला सांगते.